बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?

निधी देणाऱ्या संस्थांच्या अर्जात एक रकाना ठरलेला असतो : ‘प्रकल्पाची गरज आणि समर्थन’. शब्दमर्यादा आठशे. पहिल्या वर्षी मी तो एका बैठकीत भरला. बाळंतपणाच्या आगेमागे बायकांना येणारं नैराश्य किती आहे, मानसोपचारतज्ज्ञ किती कमी आहेत, म्हणून आमच्या तालुक्याच्या गावातल्या चार बायकांना शिकवून समुपदेशक करायचं, असा सरळ उतार होता. अर्ज परत आला. सोबत एका ओळीचं पत्र होतं : गरज पटली, पण या चौघी बायकांच्या घरी जाऊन नेमकं करणार काय?

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, सगळ्या अर्जात विचारण्यासारखा प्रश्न तोच होता.

आधी आजाराबद्दल. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाईला उगाच रडू येतं, चिडचिड होते आणि दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. तो आजार नव्हे. नैराश्य म्हणजे दोन आठवडे उलटले तरी उतरत नाही ते. कशातच मन लागत नाही, बाळाकडे बघूनही काही वाटत नाही, आणि काही वाटत नाही याचीच बोचणी लागते. आमच्याकडे ‘मला नैराश्य आलंय’ असं कोणी म्हणत नाही. ‘अंगात त्राणच नाही’, ‘डोकं भणभणतं’, ‘जीव घाबरा होतो’, ‘विचार येतात’ असं म्हणतात. यातल्या ‘विचार येतात’ला पुढे शब्द नसतात. ते कोणते विचार, हे विचारावं लागतं.

भारतातल्या ३८ अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक लेख आला. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण त्यात साधारण २२ टक्के निघालं. पण माझ्या अर्जाला वळण दिलं ते गोव्याच्या एका जुन्या अभ्यासाने. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयात २७० बायकांना गरोदरपणापासून गाठलं होतं. २००२ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या २३ टक्के बाळंतिणींना नैराश्य होतं, आणि त्यांच्यातल्या ७८ टक्के जणी गरोदर असतानाच मनाने खचलेल्या होत्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हाही निम्म्याहून अधिक जणी आजारीच होत्या. कारणांमध्ये पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेलं आणि मुलगा झाला की मुलगी, हे तिन्ही होतं. म्हणजे आजार बाळंतपणाने आणलेला नसतो. बहुतेकींच्या बाबतीत तो आधीच घरात येऊन बसलेला असतो. पहिल्या अर्जात मी बाळंतिणींच्या खोलीपासून सुरुवात केली होती. दुसऱ्या अर्जात ती पाचव्या महिन्यावर नेली.

पाचवाच का, तर माहेरामुळे. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आमच्याकडे अजून टिकून आहे. सातव्यात ओटी भरली की सून गावातून जाते आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की परत येते. त्याच काळात गावच्या लेकी बाहेरून आमच्या गावात येतात. बाहेरच्या पुस्तिकेत ‘गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला एक भेट’ असं वेळापत्रक असेल, तर आमच्या गावात त्या महिन्यात ती बाई नसतेच. म्हणून आम्ही दार निवडलं ते सोनोग्राफीचं. बाळाचे अवयव नीट आहेत का हे पाहायला अठराव्या ते विसाव्या आठवड्यात बहुतेक बायका येतात, सरकारी दवाखान्याच्या असोत की खासगी. तिथून सातव्या महिन्यापर्यंत आठ-दहा आठवडे मिळतात. सहा भेटी त्यात बसवता येतात. उरलेल्या फोनवर.

छोट्या गावाची आणखी एक अडचण कागदावर लवकर दिसत नाही. खेड्यात साधारण हजार वस्तीमागे एक आशाताई असते. ५० हजारांवरच्या शहरांसाठी २०१३ पासून नागरी आरोग्य अभियान आहे. आमचं गाव ४० हजारांचं, नगरपरिषदेचं. कागदोपत्री ते ग्रामीण यंत्रणेत मोडतं, पण खेड्यासारखी घरटी माहिती असलेली आशा इथे प्रत्येक गल्लीला नाही, आणि निम्मी बाळंतपणं खासगीत होतात. दवाखाने भरपूर आहेत, तरी बाईच्या घरी जाऊन बसणारं कोणी नाही. माझ्या मते गावातून बायका निवडण्याचं खरं समर्थन हे आहे. तज्ज्ञ नाहीत म्हणून या बायका, असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, स्वस्तातली सोय दिसतेय.

आता त्या पत्रातला प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला रावळपिंडीला जावं लागतं.

मानसोपचारतज्ज्ञ आतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या ग्रामीण भागात ९०० हून थोड्या अधिक गरोदर बायकांवर एक प्रयोग केला. तो २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. सगळ्या बायकांना नैराश्य होतं. तिथे सरकारच्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ असतात, आपल्या आशांसारख्या. निम्म्या भागातल्या कार्यकर्त्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, चार महिन्यांनी एक दिवसाची उजळणी आणि दर महिन्याला अर्धा दिवस गटाने बसून चर्चा. त्यांनी प्रत्येक बाईला सोळा भेटी द्यायच्या : शेवटच्या महिन्यात चार, बाळंतपणानंतरच्या महिन्यात तीन, पुढे महिन्याला एक अशा नऊ. या कार्यक्रमाचं नाव ‘थिंकिंग हेल्दी’. उरलेल्या निम्म्या भागातही कार्यकर्त्या तितक्याच वेळा घरी गेल्या, पण हे विशेष प्रशिक्षण न घेता.

हा शेवटचा तपशील मला सगळ्यात मोलाचा वाटतो. दोन्हीकडे बाईकडे माणूस येत होतं. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा प्रशिक्षण घेतलेल्या भागात २३ टक्के बायकांना नैराश्य उरलं होतं, दुसरीकडे ५३ टक्के. म्हणजे फरक नुसत्या सोबतीचा नाही. घरी जाऊन काय बोललं गेलं, त्याचा आहे.

काय बोललं जातं, ते एका बाईच्या गोष्टीतून सांगते. ती एकीची नाही, दोघी-तिघींच्या गोष्टी मिळून केली आहे.

बाई बावीस वर्षांची, सहावा लागलेला. सोनोग्राफीच्या रांगेत समुपदेशक ताईंनी तिला नऊ प्रश्न विचारले. ही पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहाच्या वर गेले की पुढे विचारपूस करायची. गंमत अशी की झोप, भूक आणि थकवा यांचेही प्रश्न त्यात आहेत, आणि सहाव्या महिन्यात थकवा कोणाला नसतो? नुसती बेरीज केली तर धडधाकट बाईही नैराश्यात जमा होते. म्हणून आमच्या ताई गरोदर बाईला एक जादा प्रश्न विचारतात : घरात सगळं शांत असतं, काही काम नसतं, तेव्हा तरी डोळा लागतो का? बाळंतिणीला तोच प्रश्न असा असतो : बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का? बाळ रात्रभर जागवतं म्हणून झोप नाही, ही एक गोष्ट. बाळ गाढ झोपलंय, आजी जवळ आहे आणि तरी ही छताकडे बघत पडली आहे, ही दुसरी. या बाईचे गुण आले १६. दोन आठवड्यांनी पुन्हा विचारलं तरी १५. एकदाच विचारून थांबलं, तर उगाच पकडल्या गेलेल्या बायका पुष्कळ निघतात.

पहिल्या भेटीत ताईंनी सल्ला दिला नाही. हे लिहायला सोपं आहे. बसून पाहा एकदा. बाई सांगत असते की मला मुलगीच होणार आणि मग सगळे तोंड फिरवणार. समोरच्या बाईच्या जिभेवर लगेच येतं, ‘नाही गं, असं काही होत नाही.’ शिकवलेली ताई हे गिळते आणि विचारते, हा विचार साधारण कधी येतो? दुपारी चारला, घरातले सगळे बाहेर असतात तेव्हा. आला की काय करतेस? आडवी होते. जेवतेस? नाही, इच्छाच होत नाही. मग? मग चक्कर येते, डॉक्टर म्हणतात वजन वाढत नाही, आणि वाटतं, बघ, माझ्याच्याने हेही होत नाही. ताईंनी वहीत एक वर्तुळ काढलं : चार वाजता विचार, आडवं होणं, न जेवणं, चक्कर, वजन, पुन्हा तोच विचार. आणि वही तिच्यापुढे सरकवली. यात कुठे कात्री लावता येईल, ते तू सांग.

तिने सांगितलं ते असं : चारला गच्चीत शेजारच्या काकूंकडे जाऊन बसेन, पंधरा मिनिटं, आणि तिथेच शेंगदाण्याचा लाडू खाईन. बस, एवढंच. पुढच्या आठवड्यात किती दिवस गेली, याच्या खुणा घरातल्या दिनदर्शिकेवर. सातपैकी तीन दिवस. उरलेले चार दिवस का नाही, यावर दुसरी भेट. विचार ओळखायचा, त्याच्या जागी घडेल असं काही ठेवायचं आणि ते करून पाहायचं, ही पद्धतीची तीन पावलं. त्यांचा विषयही तीन घरांत फिरतो : आईची स्वतःची तब्येत, आई आणि बाळ, आई आणि बाकीची माणसं. रावळपिंडीच्या मंडळींनी यात एक शहाणपण केलं होतं. सगळं बाळाच्या भल्याच्या नावाने मांडलं आणि ‘डिप्रेशन’ हा शब्द पुढे आणला नाही. बाळासाठी म्हटलं की सासूही पाट मांडते. आम्ही ते जसंच्या तसं उचललं.

चार भेटी झाल्या आणि ती माहेरी गेली, दुसऱ्या तालुक्यात. फोन आईचा. आई सकाळी शाळेत खिचडी शिजवायला जाते, म्हणून भेटीची वेळ ठरली सकाळी अकराची. फोन लावायचा आणि आवाज आईचा आला तर ‘लसीकरणाची चौकशी’ करून ठेवायचा, हे आधी बोलून घेतलं होतं. मुलगी झाली. बारशाला सासू आली, पण बाळाला मांडीवर न घेताच गेली. दहाच्या खाली उतरलेले गुण पुन्हा १४ वर गेले. इथे ताईंनी विचार-बिचार बाजूला ठेवले आणि रात्रीची आखणी केली : दहा ते दोन बाळ आजीजवळ, मधलं पाजणं एकदाच, म्हणजे तिला सलग झोप मिळेल. सासरी परतल्यावर एक भेट सासूला बरोबर घेऊन झाली. सासू मुलीबद्दल अवाक्षर बोलली नाही. पण तेल लावायचं काम तिने घेतलं. तिसऱ्या महिन्यात गुण ६. सगळं सुटलं असं नाही. नवऱ्याचं पिणं तसंच आहे, आणि त्यावर आमच्याकडे वर्तुळ नाही.

अशा गोष्टी अर्जात शोभून दिसतात. पण त्यांच्याच शेजारी मला पुढचा पुरावाही मांडावा लागला, आणि तो इतका झळझळीत नाही.

रावळपिंडीच्या प्रयोगाचं मुख्य मोजमाप बाळाचं वजन आणि उंची हे होतं. आया बऱ्या झाल्या, बाळांना जुलाब कमी झाले, लसी जास्त मिळाल्या. वजन-उंचीत मात्र ठोस फरक पडला नाही. म्हणून ‘कुपोषण कमी होईल’ हे आमिष मी अर्जातून काढून टाकलं. पुढे याच पद्धतीचं आटोपशीर रूप गोव्यात ‘संगथ’ संस्थेने आणि रावळपिंडीतही करून पाहिलं. या वेळी आरोग्य कार्यकर्त्यांऐवजी गावातल्याच साध्या आया होत्या. गोव्यात त्यांना ‘सखी’ म्हणत. दोन्हींचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. गोव्यात २८० बायकांमध्ये सखींचा उपयोग झाला, पण फरक माफक होता. पाकिस्तानात ५७० बायकांमध्ये सहा महिन्यांच्या मुख्य मोजमापावर स्पष्ट फरक दिसलाच नाही. गोव्यात तर ज्यांच्याकडे सखी गेली नाही, त्यांच्यातल्याही निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांत बऱ्या झाल्या.

हे वाक्य लिहिताना संस्थेतल्या एका सहकाऱ्याने माझा हात धरला होता. म्हणाला, ‘मॅडम, आपणच आपल्या पायावर धोंडा कशाला?’ मला वाटतं, ते लिहिलं नसतं तर धोंडा पुढे पडला असता. आपोआप बऱ्या होणाऱ्या इतक्या असतील, तर ‘आधी गुण १५, नंतर ७’ हा आमचा तक्ता काहीच सिद्ध करत नाही. कोणीही निवडलेल्या वाईट दिवसानंतर बरे दिवस येतातच. म्हणून आम्ही गावाचे वॉर्ड दोन भागांत केले. एका भागात पहिल्या वर्षी भेटी, दुसऱ्या भागात पहिल्या वर्षी फक्त तपासणी, डॉक्टरांना चिठ्ठी आणि बाईला माहिती. तिथे भेटी दुसऱ्या वर्षी. ज्या बाईचे गुण फार वर आहेत, तिला मात्र वॉर्ड न बघता लगेच घ्यायचं. शास्त्रापुरतं हे मोडकंतोडकं आहे, पण आधी-नंतरच्या तक्त्यापेक्षा बरं.

आणि मग पैशांचा तक्ता, जिथे खरी ओढाताण झाली.

हिशोब असा बांधला. दुसऱ्या वर्षापासून, म्हणजे सगळे वॉर्ड चालू झाल्यावर, ४० हजार वस्तीत वर्षाला साधारण ६०० जन्म. पाचात एक धरली तर १२० बायका. काही नको म्हणणार, काही गावाबाहेर जाऊन हाती न लागणाऱ्या. नीट पार पडतील अशा ७० धरल्या. प्रत्येकी सरासरी दहा भेटी, म्हणजे ७०० भेटी. एक भेट पाऊण तासाची, पण जाणं-येणं आणि टिपण धरून दोन तास जातात : १,४०० तास. प्रत्येकीची दोनदा तपासणी, एकदा सोनोग्राफीला आणि एकदा दीड महिन्याच्या लसीला : ३०० तास. शिवाय दाराला कुलूप, पाहुणे आलेत, बाईला आज बोलायचं नाही, अशा फुकट फेऱ्यांचे सव्वादोनशे. एकूण सव्वाएकोणीसशेच्या आसपास. अर्धवेळ काम करणाऱ्या एका ताईच्या वाट्याला वर्षाला सुमारे ८३० तास येतात. म्हणजे सव्वादोनहून थोड्या जास्त ताई लागतात. आम्ही चौघी मागितल्या, कारण अशा कामात वर्षभरात एखादी तरी सोडून जाते. तिच्या बायका अधांतरी राहता कामा नयेत.

चौघींचं मानधन महिना ९ हजार धरून वर्षाचे ४ लाख ३२ हजार. एका पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ सुपरवायझरचे ३ लाख ८४ हजार. जिल्ह्याहून महिन्यातून दोनदा येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचे १ लाख २० हजार. प्रशिक्षण, फोन, प्रवासाचे १ लाख ८० हजार. बेरीज ११ लाख १६ हजार, म्हणजे पार पडलेल्या एका बाईमागे जवळपास १६ हजार. संस्थेच्या तज्ज्ञाने लाल पेनाने एकच ओळ अधोरेखित केली. चार ताई समजतात, पण त्यांच्यावर पावणेचार लाखांची सुपरवायझर कशाला? तीन महिन्यांतून एक कार्यशाळा पुरे.

त्याचं उत्तर मी आकड्यांत दिलं नाही. एक ध्वनिफीत ऐकवली. बाईच्या संमतीने ताई काही भेटी फोनवर ध्वनिमुद्रित करतात. नाव नाही, गल्ली नाही, पंधरा दिवसांनी पुसायच्या. ही फीत एका हुशार, मायाळू ताईंची होती, प्रशिक्षणानंतर पाचव्या महिन्यातली. चाळीस मिनिटांपैकी तीस मिनिटं ताईच बोलत होत्या. बाई म्हणाली, ‘मला वाटतं मी नसले तर बरं होईल.’ यावर ताई म्हणाल्या, ‘असं अभद्र बोलू नये बाई, लक्ष्मी आलीय घरात.’ आणि विषय डिंकाच्या लाडवांवर गेला.

त्या ताईंच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट माया होती म्हणूनच त्यांनी ते वाक्य झाकलं. शिकवलेली पद्धत हळूहळू सुटते आणि जुनी समजूत घालायची सवय परत येते. भेटींची नोंदवही बघून हे कधीच कळत नाही, कारण नोंदवहीत ती भेट ‘पूर्ण’ असते. कळतं फक्त फीत ऐकून. गोव्यात ‘संगथ’च्या समुपदेशकांनी यासाठी चांगली रीत बसवली : दर आठवड्याला गटाने बसायचं, एकीची फीत सगळ्यांनी ऐकायची, ठरलेल्या मुद्द्यांवर प्रत्येकीने गुण द्यायचे आणि मग बोलायचं. सरावाने साध्या समुपदेशकांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांच्या जवळ येतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे सुपरवायझरचा भार काही वर्षांनी हलका होऊ शकतो. पहिल्या दिवसापासून नाही.

‘मी नसले तर बरं’ या वाक्याचं काय करायचं, हे तर पाठच असावं लागतं. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न जगणं नको वाटण्याचा आहे. एकूण गुण कितीही कमी असोत, नवव्याला शून्य सोडून काहीही आलं की ताईंनी तिथेच थांबायचं आणि विचारायचं : विचार कधीपासून, कसं करायचं ते मनात आलंय का, ते जवळ आहे का, याआधी कधी केलं होतं का. आणि घराबाहेर पडण्याआधी सुपरवायझरला फोन. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर बाईच्या कार्डावर लिहून दिलेला असतो. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत बाई दिवसेंदिवस झोपत नाही, भलतंसलतं बोलते, बाळाबद्दल विचित्र काही सांगते, तेव्हा ते नैराश्य नसतं आणि ताईंनी समुपदेशन करायचंच नसतं. त्याच दिवशी दवाखाना. हा आजार हजार बाळंतपणांत एक-दोघींना होतो. आमच्या गावाच्या ६०० जन्मांत वर्षाला एखादी. घरचे आधी देवऋषाकडे जातात. ती एक बाई वेळेत ओळखता यावी यासाठी कोणी तरी त्या दिवशी फोन उचलणारं हवं. तीन महिन्यांनी होणारी कार्यशाळा फोन उचलत नाही.

छोट्या गावाची एक खोड मात्र सुपरवायझरलाही निस्तरता येत नाही. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. पहिल्या भेटीत बायका पहिला प्रश्न विचारतात, ‘तुम्ही अमक्यांच्या कोण?’ म्हणून ताईंना स्वतःची आळी आणि नात्यातली घरं द्यायची नाहीत, हा नियम. तरी एकदा चुकलं. बाईने जे सांगितलं, ते ताईंनी कुठेही सांगितलं नव्हतं, पण ताई त्या घरी जातात एवढंच दोन गल्ल्यांना पुरलं. नवऱ्याने भेटी बंद केल्या. तेव्हापासून ताईंच्या पिशवीत वजनकाटा असतो. सगळ्यांच्याच घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, मग कोणाच्या घरी तास बसलो ते उठून दिसत नाही. फुकट फेऱ्यांच्या तासांत ही वजनंही धरावी लागली.

दुसरा अर्ज मंजूर झाला, तीन वर्षांसाठी, सुपरवायझरच्या ओळीला हात न लावता. पुढच्या अर्जात त्यांनी नवा प्रश्न घातला आहे : आमचे पैसे थांबल्यावर हे कोण चालवणार? चौघींचं मानधन नगरपरिषद देऊ शकेल, तसं तोंडी बोलणं झालं आहे. सुपरवायझरचं काम जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडे जावं, असं मी लिहिलं आहे. पथकात मानसशास्त्रज्ञाचं पद असतं. आमच्या जिल्ह्यात ते सध्या रिकामं आहे. अर्जाला पत्राचा मसुदा जोडला आहे, सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली केलेली आहे.